घसारा तेवढाच, मग एनपीव्ही वेगळं का?

*मी एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. १०० लाखांचं यंत्र घ्यायचं आहे. आयुष्य ५ वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य धरली आहे. यंत्रामुळे दरवर्षी करापूर्वी २९ लाख रोख सुटतील. कराचा दर ३० टक्के, डिस्काउंट रेट १० टक्के. सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखा घसारा धरला तर एनपीव्ही, म्हणजे सगळ्या रकमा या दराने आजच्या मोलात आणून उरणारा निव्वळ फायदा, उणे ०.३० लाख येतं, ४० टक्के डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे घटत्या शिल्लक मूल्यावर धरला तर अधिक १.२४ लाख. आमचे सर म्हणतात, "यंत्र तेच, घसारा एकूण शंभरच, मग तू आकडे ओढूनताणून बसवलेस." माझं चुकलं का? आणि सरांना कोणता आकडा देऊ?*

तुमचं गणित मी कागदावर पुन्हा करून पाहिलं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, ओढूनताणून काही बसवलेलं नाही. पण सरांचा संशय झटकून टाकू नका. तुमच्या १.२४ मध्ये दोन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या गेल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. त्यांच्याकडे येतोच, पण आधी फरक नेमका कुठून आला ते पाहू.

घसारा ही रोख नाही. घसाऱ्याचे पैसे कुणी खिशातून काढून देत नाही. यंत्राचे शंभर लाख पहिल्याच दिवशी गेले, त्यानंतर घसारा फक्त कागदावर चालतो. तो एनपीव्हीत शिरतो तो एकाच दाराने: करपात्र नफा कमी होतो, म्हणून कर कमी भरावा लागतो. २० लाख घसारा म्हणजे ३० टक्के दराने ६ लाखांची करबचत. डिस्काउंट करायची ती या ६ लाखांना, २० लाखांना नाही. तुम्ही तसंच केलंय. तरी सांगतो, कारण या सदराकडे येणाऱ्या दर चार तक्त्यांतल्या एकात तरी घसारा सरळ रोख म्हणून मिळवलेला असतो आणि यंत्र सोन्याची खाण दिसू लागतं.

आता दोन्ही पद्धतींची करबचत शेजारी शेजारी ठेवू. सरळ रेषेत दरवर्षी २० लाख घसारा. डब्ल्यूडीव्हीत दरवर्षी शिल्लक मूल्यावर ४० टक्के: म्हणजे ४०, मग उरलेल्या ६० वर २४, मग ३६ वर १४.४०, मग ८.६४ आणि ५.१८. पाच वर्षांनी पुस्तकात ७.७८ लाख उरतात. यंत्र शून्याला गेलं म्हणून तुम्ही ते पाचव्याच वर्षी खर्ची टाकलेत. सगळे आकडे लाखांत:

| वर्ष | सरळ रेषा, करबचत | डब्ल्यूडीव्ही, करबचत | फरक |
|---|---|---|---|
| १ | ६.०० | १२.०० | +६.०० |
| २ | ६.०० | ७.२० | +१.२० |
| ३ | ६.०० | ४.३२ | −१.६८ |
| ४ | ६.०० | २.५९ | −३.४१ |
| ५ | ६.०० | ३.८९ | −२.११ |
| एकूण | ३०.०० | ३०.०० | ०.०० |

सरांचं म्हणणं शेवटच्या ओळीत आहे आणि तिथे ते शंभर टक्के खरं आहे. करातली एकूण सवलत दोन्हीकडे ३० लाखच. पण चौथा रकाना वरून खाली वाचा. डब्ल्यूडीव्ही घेतली तर पहिल्या दोन वर्षांत ७.२० लाख जास्तीचे तुमच्याकडे राहतात आणि पुढच्या तीन वर्षांत तेवढेच ७.२० लाख परत जातात. करखात्याने तुम्हाला बिनव्याजी उसने दिले, असंच समजा. मुद्दल पैशाला पैसा फेडायचं, व्याज मात्र नाही. १० टक्के दराने पैसा मोजणाऱ्या कारखान्याला अशा उसनवारीची किंमत असते. फरकाचा रकाना डिस्काउंट केला की ती किंमत हाती येते. पहिल्या दोन वर्षांचं वर्तमान मूल्य ५.४५ आणि ०.९९, मिळून ६.४५. परतफेडीचं वर्तमान मूल्य १.२६, २.३३ आणि १.३१, मिळून ४.९०. उरले १.५४ लाख (आकडे दोन दशांशांत आणताना शेवटचा अंक इकडेतिकडे होतो). तुमचं एनपीव्ही उणे ०.३० वरून अधिक १.२४ वर गेलं ते या १.५४ मुळे, दुसऱ्या कशामुळेही नाही. यंत्राच्या कामात, मालाच्या भावात, मजुरीत काडीचाही बदल झालेला नाही.

सरांना दाखवायचं तर हा चौथा रकानाच दाखवा. पूर्ण तक्ता दाखवला की माणूस आकड्यांत हरवतो. "हे ७.२० आधी मिळतात, हे ७.२० नंतर द्यायचे" एवढं एका नजरेत दिसलं, की आकडे बसवल्याचा आरोप आपोआप मागे पडतो. डिस्काउंट रेट शून्य टाकून दाखवला तर आणखी बरं. दोन्ही एनपीव्ही एकसारखी होतात आणि फरक फक्त वेळेचा होता हे बोलावंच लागत नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर करबचतीचे पाच आकडे B2 ते B6 मध्ये टाका:

```
=NPV(10%,B2:B6)
```

सरळ रेषेला २२.७४ आणि डब्ल्यूडीव्हीला २४.२९ यायला हवेत. हे सूत्र पहिला आकडा एका वर्षाने मिळतो असं धरतं, त्यामुळे आज जाणारे १०० लाख त्या रांगेत घालू नका, बाहेरून वजा करा. आत घातले तर सगळ्याच आकड्यांना एक वर्ष जादा डिस्काउंट लागतो.

आता त्या न बोललेल्या दोन गोष्टी.

पहिली. पहिल्या वर्षी १२ लाख कर वाचतो असं तुम्ही लिहिलंत. ४० लाखांचा घसारा पूर्ण वापरायला समोर ४० लाखांचा नफा लागतो. यंत्र तर २९ लाखच मिळवून देतंय. उरलेले ११ लाख कारखान्याच्या इतर नफ्यातून वजा होणार, असं तुमच्या तक्त्याने मनातल्या मनात धरलं आहे. इतर धंदा चांगला नफ्यात असेल तर काहीच हरकत नाही. पण या यंत्रासाठी वेगळी कंपनी काढणार असाल किंवा बाकीचा धंदा जेमतेम चालत असेल, तर ते ११ लाख त्या वर्षी कुणाच्याच कामाचे नाहीत. ते पुढे ओढावे लागतात.

ओढून पाहू. पहिल्या वर्षी २९ वजा ४०, म्हणजे ११ चा तोटा, कर शून्य. दुसऱ्या वर्षी २९ वजा २४, राहिले ५, ते मागच्या ११ पैकी ५ ने खाल्ले, पुन्हा कर शून्य आणि ६ अजून शिल्लक. तिसऱ्या वर्षी १४.६० मधून ते ६ गेले, ८.६० वर २.५८ कर. चौथ्या वर्षी ६.११ आणि पाचव्या वर्षी ४.८१. एकूण कर १३.५० लाख, सरळ रेषेतही तेवढाच, दरवर्षी २.७० प्रमाणे. पण या करांचं वर्तमान मूल्य आता ९.१० येतं, सरळ रेषेचं १०.२४. फायदा १.५४ वरून १.१४ वर आला आणि एनपीव्ही १.२४ ऐवजी ०.८३. तुमच्या यंत्राच्या बाबतीत निर्णय पालटत नाही. पण नफा दोन-तीन वर्षं उशिरा सुरू होणारा प्रकल्प घ्या, तिथे सुरुवातीचा भला मोठा घसारा नुसता पडून राहतो आणि डब्ल्यूडीव्हीची आघाडी विरघळत जाते. तोटा पुढे ओढायला कायद्याने मुदत घातली असेल आणि ती उलटली, तर करबचत बुडालीच. म्हणून तक्त्यात "करबचत" नावाची ओळ थेट घसारा गुणिले दर अशी न लिहिता, दरवर्षीचा खरा करपात्र नफा काढून त्यावरून कर काढावा. चार ओळी जास्त लागतात, पण फसगत होत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ४० टक्के हा दर तुम्ही कुठून घेतलात? पाच वर्षांच्या आयुष्याला सरळ रेषेचा दर २० टक्के, त्याच्या दुप्पट ४०, असा हिशेब पाठ्यपुस्तकात असतो आणि मला वाटतं तुमचा तिथूनच आला आहे. कराच्या कायद्यात मात्र दर ठरवून दिलेला असतो आणि तो यंत्राच्या प्रत्यक्ष आयुष्याशी जुळेलच असं नाही.

समजा तुमच्या यंत्राला कायद्याने २५ टक्के डब्ल्यूडीव्ही दिला. ऐकायला २५ हा २० पेक्षा मोठा, म्हणजे अजूनही डब्ल्यूडीव्हीच फायद्याची, असं बहुतेक जण बोलून मोकळे होतात. आकडे मांडा. घसारा २५, १८.७५, १४.०६, १०.५५, ७.९१. सरळ रेषेपेक्षा जास्त घसारा फक्त पहिल्या वर्षी मिळाला. दुसऱ्याच वर्षी तो २० च्या खाली आला. पाच वर्षांनी तब्बल २३.७३ लाख पुस्तकात उरले. ते पाचव्या वर्षी एकदम खर्ची टाकायला मिळाले तरी करबचतीचं वर्तमान मूल्य २२.६९ येतं. सरळ रेषेचं २२.७४ होतं. म्हणजे डब्ल्यूडीव्ही मागे पडली! पाचेक हजारांनी का होईना, पण मागे. या उदाहरणात बरोबरीचा दर २५ आणि २६ च्या मधे कुठेतरी आहे. २५ टक्के दराने तुमचं एनपीव्ही उणे ०.३६ होतं.

आणि ती उरलेली रक्कम एकदम खर्ची टाकायला मिळालीच नाही तर? काही करकायद्यांत यंत्र एकेकटं मोजत नाहीत. एका दराची सगळी यंत्रं मिळून एक ब्लॉक होतो आणि घसारा त्या ब्लॉकच्या शिल्लकेवर निघतो. तुमचं यंत्र भंगारात गेलं, शून्य आले, तर ब्लॉकमधून शून्यच वजा होतात. ब्लॉकमध्ये इतर यंत्रं जिवंत आहेत तोवर तुमच्या गेलेल्या यंत्राचे २३.७३ लाख तिथेच बसून दरवर्षी २५ टक्क्यांनी झिजत राहतात. यंत्र नाही, पण त्याचा घसारा वर्षानुवर्षं चालू. सहाव्या वर्षी ५.९३, सातव्या वर्षी ४.४५, असा थेंबाथेंबाने. याचं वर्तमान मूल्य काढायला शंभर वर्षांचा तक्ता लागत नाही, कारण दरवर्षीची बचत मागच्या वर्षीच्या ठरावीक पटीत घटते. एका ओळीत उत्तर येतं:

```
C × d × t ÷ (d + k)
```

C म्हणजे यंत्राची किंमत, d घसाऱ्याचा दर, t कराचा दर, k डिस्काउंट रेट. आपल्याकडे १०० गुणिले ०.२५ गुणिले ०.३०, भागिले ०.३५: उत्तर २१.४३. सरळ रेषेच्या २२.७४ पेक्षा १.३२ लाखांनी कमी. एनपीव्ही उणे १.६२. तुमच्या मूळ १.२४ पासून मोजलं तर जवळपास २.८६ लाखांची घसरण, आणि पद्धतीचं नाव दोन्हीकडे "डब्ल्यूडीव्ही"च.

४० टक्के दर असता आणि यंत्र असंच ब्लॉकमध्ये राहिलं असतं, तर त्याच सूत्राने २४ येतात. तिथे डब्ल्यूडीव्ही अजूनही १.२६ लाखांनी पुढे आहे, कारण पाच वर्षांनी उरणारी रक्कमच लहान होती. उलट बाजूने विचारायचं तर ब्लॉकमध्ये अडकून राहायचं असेल, तर पाच वर्षांच्या सरळ रेषेला गाठायला डब्ल्यूडीव्हीचा दर ३१ टक्क्यांच्या थोडा वर लागतो. हे बरोबरीचे दर डिस्काउंट रेट आणि आयुष्याप्रमाणे बदलतात, पाठ करण्यासारखे नाहीत. आपल्या आकड्यांवर पुन्हा काढायचे.

शेवटी यंत्र विकून काही पैसे आले तर काय, असा प्रश्न पुढे येईल म्हणून सांगून टाकतो. यंत्र एकेकटं मोजलं जात असेल आणि १० लाख आले, तर दोन्ही पद्धतींत पाचव्या वर्षीचा कर सारखाच ३ लाखांनी वाढतो. दोन पद्धतींमधला १.५४ चा फरक जागचा हलत नाही. तिथे वेळ घालवू नका.

राहिला प्रश्न, कोणता आकडा द्यायचा. याचं उत्तर तुमच्या आवडीवर नाही. तुमच्या पत्रात "घसारा धरला तर" असं आहे, जणू दोन्ही दारं उघडी आहेत. ताळेबंदातल्या पुस्तकी घसाऱ्याची पद्धत कंपनी निवडते. करासाठीचा घसारा करकायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी तिथे निवड नसतेच आणि दोन हिशेब वेगवेगळे चालतात. एनपीव्हीला फक्त करासाठीचा घसारा लागतो. ताळेबंदात सरळ रेषा सोडून डब्ल्यूडीव्ही घेतली आणि करात काहीच बदललं नाही, तर पुस्तकी नफा बदलेल, बँकेतली एकही रक्कम बदलणार नाही, म्हणजे एनपीव्हीही नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फटका खाऊन सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कंपनीत अशाच एका यंत्राचा प्रस्ताव केला होता. घसारा उचलला तो छापील ताळेबंदाच्या परिशिष्टातून, सरळ रेषेचा. कर मात्र डब्ल्यूडीव्हीने भरला जात होता. प्रस्ताव थोडक्यात नापास झाला. चारेक महिन्यांनी कर बघणाऱ्या सहकाऱ्याने सहज विचारलं, "हा घसारा कुठून आणलास रे?" तेव्हा कुठे उजेड पडला. यंत्राचा भाव तोवर वाढला होता. तेव्हापासून तक्त्यात घसाऱ्याच्या ओळीला मी नुसतं "घसारा" असं नाव देत नाही, "करासाठी घसारा" असं लिहितो, आणि शेजारी तो दर कुणी सांगितला त्याचं नाव.

तर सरांकडे जाण्याआधी तुमच्या कर सल्लागाराला तीन प्रश्न विचारा. या प्रकारच्या यंत्राला करासाठी कोणती पद्धत आणि किती दर? यंत्र मोडीत काढलं तर उरलेली रक्कम त्याच वर्षी वजा होते की ब्लॉकमध्ये राहते? आणि पहिल्या वर्षी यंत्र किती महिने वापरलं त्यावर घसारा कमी होतो का? बऱ्याच ठिकाणी होतो, आणि पहिल्या वर्षाचे १२ लाख अर्ध्यावर आले तर तक्त्याचा सगळ्यात मोलाचा आकडाच कापला जातो. ही उत्तरं आली की एकच एनपीव्ही उरेल. तेच द्या. दुसरं "तुलनेसाठी" म्हणूनही जोडू नका. ज्या पद्धतीने कर भरलाच जाणार नाही तिचा आकडा कागदावर असला, की बैठकीत चर्चा नेमकी त्याच्यावरच अडकते.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. समजा सगळं तुमच्या बाजूने लागलं: ४० टक्के दर, इतर नफा भरपूर, शिल्लक पाचव्या वर्षी वजा. तरी हातात १.२४ लाखच आहेत, शंभरावर. यंत्राने दरवर्षी २९ लाखांऐवजी साडेअठ्ठावीस दिले की एनपीव्ही पुन्हा उणे ०.०८. सर घसाऱ्यावरून भांडतायत, पण मी त्यांच्या जागी असतो तर त्या २९ वर बोट ठेवून विचारलं असतं, हा आकडा कुणी दिला आणि कशावरून?